कडीला उशीर होतो म्हणून

बारावीच्या वर्गात हा प्रश्न मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. कॉइलवर धातूची हलकी कडी ठेवली आहे, बटण दाबून कॉइलमध्ये वीज सोडली की कडी टुणकन वर उडते, कारण द्या. दोन मार्क. उत्तरही ठरलेलं. वीज सुरू होताच कडीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र वाढू लागतं, त्यामुळे कडीत प्रवाह निर्माण होतो. लेन्झच्या नियमाप्रमाणे हा प्रवाह वाढीला विरोध करणारा, म्हणजे कॉइलमधल्या प्रवाहाच्या उलट दिशेचा असतो, आणि उलट दिशांचे प्रवाह एकमेकांना दूर लोटतात. मुलं हे घोकून यायची, मी दोनपैकी दोन द्यायचो. तिसरी ओळ गाळणाऱ्याला दीड.

या उत्तरात एक खोच आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही पुस्तकातून नाही. पुतण्याच्या मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी ‘उडणारं’ हवं होतं, आणि आजोबांकडे वेळच वेळ होता.

आम्ही १ मिलिमीटरच्या इनॅमलवाल्या तांब्याच्या तारेचे १००० वेढे घेतलेली कॉइल करून घेतली. तिच्या मधोमध लोखंडी गाभा, कॉइलच्या वर वीतभर बाहेर आलेला. त्या गाभ्यात ओवून कॉइलवर ठेवलेली ॲल्युमिनियमची कडी: जाडी ३ मिलिमीटर, उंची १५ मिलिमीटर, मधला व्यास साधारण ४ सेंटिमीटर, वजन १५ ग्रॅम. लेथवर पाइपातून कापून घेतलेली.

आधी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लावली. कडी उडाली, पण कशी, तर पेरभर उचकी दिल्यासारखी, आणि खाली बसली. बटण दाबूनच ठेवलं तरी पुढे काही नाही. हे पुस्तकी उत्तराला धरूनच झालं. बॅटरीचा प्रवाह शून्यापासून पूर्ण किमतीला पोचेपर्यंतच क्षेत्र वाढत असतं. एकदा तो स्थिर झाला की क्षेत्र बदलत नाही, कडीत प्रवाह उरत नाही, ढकलणारं कुणी राहत नाही. बटण सोडलं की क्षेत्र ओसरतं, आता कडीतला प्रवाह त्या ओसरण्याला विरोध करतो, म्हणजे कॉइलच्याच दिशेने वाहतो, आणि कडी खाली ओढली जाते. ती आधीच खाली बसलेली असल्यामुळे हे दिसत नाही इतकंच. दोऱ्याने बोटभर उंचावर टांगली तर खालचा हिसका स्पष्ट जाणवतो. आम्ही टांगून पाहिली. सुरू करताना वर, बंद करताना खाली. लेन्झसाहेबांनी १८३४ साली सांगितलं त्यात काडीचाही फरक नाही.

मग बॅटरी काढून डिमरस्टॅट जोडला आणि ६० व्होल्टचा एसी दिला. (डिमरस्टॅटने व्होल्टेज कमी होतं, पण घरच्या लाइनपासून सुटका होत नाही. म्हणून कॉइलची टोकं दोनदा टेपने गुंडाळली आणि बटण मुलीच्या हातात न देता माझ्याकडे ठेवलं.) कडी हातभर उंच उडाली आणि गाभ्याच्या बाहेर जाऊन सोफ्याखाली घरंगळली. पोरीने टाळ्या पिटल्या. दुसऱ्यांदा मी व्होल्टेज शून्यावर आणून हळूहळू वाढवत नेलं, तेव्हा कडी उडाली नाही. ती उचलली गेली आणि गाभ्याभोवती हवेत तरंगत राहिली. किंचित थरथरत, हलका गुंग आवाज करत, पण खाली न येता.

टाळ्या तिने पिटल्या, आणि मी मात्र गप्प झालो. कारण ‘क्षेत्र वाढतं म्हणून कडी ढकलली जाते’ या उत्तरात तरंगणं बसत नाही. एसीमध्ये क्षेत्र जितका वेळ वाढतं, तितकाच वेळ ते कमीही होतं. वाढताना ढकलणार असेल तर कमी होताना ओढायला हवं, अगदी बॅटरीचं बटण सोडल्यावर ओढलं तसंच. सेकंदाला शंभर वेळा ढकल, शंभर वेळा ओढ, हिशेब शून्य. कडीने जागच्या जागी थरथरायला हवं, वर राहायला नको. इतकी वर्षं मी मुलांना जो नियम कारण म्हणून लिहायला लावत होतो, तो नियम एसीच्या बाबतीत एकटाच उभा केला, तर कडी उडत नाही असंच सांगतो!

हा हिशेब नीट मांडून पाहण्यासारखा आहे. झोपाळा डोळ्यांपुढे आणा. झोपाळा कुठे आहे ते म्हणजे कॉइलचं क्षेत्र, आणि झोपाळ्याचा वेग म्हणजे कडीत निर्माण होणारा व्होल्टेज, कारण तो क्षेत्र किती आहे यावर नाही, किती झपाट्याने बदलतंय यावर ठरतो. झोपाळा टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो: क्षेत्र सर्वांत जास्त, व्होल्टेज शून्य. झोपाळा मधून जातो तेव्हा वेग सर्वांत जास्त: क्षेत्र शून्य, व्होल्टेज भरपूर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे पूर्ण झोका २० मिलिसेकंदांचा. मधून टोकाकडे जायला ५ मिलिसेकंद, टोकाकडून मध्यावर यायला ५. कडीतला प्रवाह व्होल्टेजच्या पावलावर पाऊल ठेवून चालला, तर पहिली ५ मिलिसेकंदं तो कॉइलच्या उलट असेल आणि कडी ढकलली जाईल. पुढची ५ तो कॉइलच्या बाजूचा असेल आणि कडी तितक्याच जोराने ओढली जाईल. सरासरी शून्य.

तेव्हा कडी वर राहते त्याअर्थी प्रवाह व्होल्टेजच्या पावलावर पाऊल ठेवत नसणार. इथपर्यंत मी एकटा पोचलो. पुढचं मला वाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी दाखवलं, आणि तेही न सांगता.

झालं असं, की पहिली कॉइल करताना मी गाभा म्हणून जाड लोखंडी सळई घातली होती. ती मिनिटाभरात चटका बसेल इतकी तापली आणि कडी जेमतेम हलली. कॉइलच वाईट बनली असं मला वाटलं, म्हणून ती घेऊन दुकानात गेलो. मिस्त्रींनी कॉइलकडे पाहिलंही नाही. सळईवर नख वाजवून म्हणाले, “सर, ही सळई म्हणजे तुमची दुसरी कडीच की. तीच सगळं खातीय.” खरंच होतं. भरीव लोखंडातही भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात; कडीसाठी असलेलं क्षेत्र तेच दाबून टाकतात आणि लोखंड तापवतात. मिस्त्रींनी बांधकामावर सळ्या बांधायची काळी तार आणायला सांगितली. तिचे फूटभराचे तुकडे केले, वार्निशमध्ये बुडवून वाळवले आणि जुडी करून आत ठोकले. प्रत्येक तार दुसरीपासून वेगळी, म्हणून फिरायला वाट नाही. सासरी निघालेल्या लेकीची पाठवणी करावी तशा काळजीने त्यांनी ती जुडी माझ्या हातात दिली.

त्या दिवशी टेबलावर शेतीपंपाचा एक स्टार्टर उघडून पडला होता. गिऱ्हाइकाची तक्रार होती, कॉन्टॅक्टर कुरकुरतो. मिस्त्रींनी त्याच्या चुंबकाचं तोंड मला दाखवलं. लोखंडाच्या तोंडाचा थोडा भाग वेढून खाचेत बसवलेलं तांब्याचं एक छोटं कडं होतं, आणि त्याला तडा गेला होता. “शेडिंग रिंग तुटली की असा आवाज येतो. एसी शंभर वेळा मरतो सेकंदाला. तो मेला की पट्टी सुटायला बघते. ही रिंग काय करते, थोडं चुंबक मागं ठेवते. मुख्य मेलं तरी हिच्यातलं जिवंत असतं, ते पट्टी धरून ठेवतं.”

थोडं मागं ठेवते. रस्त्याने मी तेच शब्द घोळवत आलो.

कडं म्हणजे नुसता रोध नव्हे. त्यात प्रवाह फिरू लागला की त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र त्या प्रवाहाच्याच बदलाला अडवतं. याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. हेही मी शिकवलं होतं, पण पुढच्या धड्यात. या गुणामुळे कडीतला प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. व्होल्टेज सांगतो ‘आता वळ’, प्रवाह म्हणतो ‘थांब, येतोच’. आणि कडी वर उडवणारं कारण म्हणजे हे रेंगाळणं.

माझ्या कडीसाठी हे आकड्यांत पाहू. कडीचा परीघ साधारण १२.६ सेंटिमीटर, छेद ४५ चौरस मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या हिशेबाने तिचा रोध येतो ७५ मायक्रोओहम, म्हणजे एका ओहमचा साधारण तेरा हजारावा भाग. स्वयंप्रवर्तनामुळे होणारी अडवणूक लोखंडी गाभ्याच्या साथीने या रोधाच्या अर्ध्याहून थोडी जास्त भरते असं धरू. गाभ्यावर ते कमीजास्त होतं, म्हणून हा आकडा अंदाजाचाच. मग प्रवाह ३० अंश मागे पडतो. पूर्ण झोका ३६० अंशांचा आणि २० मिलिसेकंदांचा. तेव्हा ३० अंश म्हणजे १.६७ मिलिसेकंद. कडी इतक्या उशिराने चालते.

आता पुन्हा ५-५ चा हिशेब मांडा. दर १० मिलिसेकंदांत ढकलण्याची वेळ ५ ऐवजी ६.६७ होते आणि ओढण्याची ३.३३ उरते. नुसता वेळच नाही, जोरही बदलतो: ढकलण्याचा सर्वांत मोठा झटका ओढण्याच्या सर्वांत मोठ्या झटक्याच्या तिप्पट होतो. ओढ संपलेली नाही, तिची पाळी लहान आणि दुबळी झाली आहे. कडी तरंगताना जी थरथर आणि गुंग आवाज येतो तो या ढकल-ओढीचाच, सेकंदाला शंभर वेळा. स्वयंप्रवर्तन खूप मोठं आणि रोध नगण्य असेल तर प्रवाह ९० अंश मागे पडेल, म्हणजे कॉइलच्या बरोबर उलट होईल, आणि मग ओढ उरणारच नाही.

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं मुळीच नाही. एलिहू थॉमसन या अमेरिकेतल्या इंजिनिअरने मे १८८७ मध्ये तिथल्या विद्युत अभियंत्यांपुढे एसीच्या या ढकलण्यावर व्याख्यान दिलं. म्हणूनच इंग्रजी पुस्तकांत या उपकरणाला त्याचं नाव आहे. म्हणजे आमच्या दोन मार्कांच्या प्रश्नामागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास होता, आणि मी मात्र तिसऱ्या ओळीवर अडून अर्धा मार्क कापत होतो.

प्रवाह किती, हाही प्रश्न पोरीने विचारला. त्याचं उत्तर सोपं आणि धक्कादायक आहे. कडी म्हणजे एकाच वेढ्याचा ट्रान्सफॉर्मर. १००० वेढ्यांना ६० व्होल्ट, म्हणजे एका वेढ्याला ०.०६. थोडं क्षेत्र वाटेत गळतं, म्हणून ०.०५ धरू. एवढ्याशा व्होल्टेजला जीभ लावली तरी काही कळणार नाही. पण समोर अडवणूक मायक्रोओहममध्ये आहे, म्हणून कडीतून सुमारे ६०० अँपिअर फिरतात. कडी चिमट्याने खाली दाबून धरली तर दर सेकंदाला दोनेक अंशांनी तापते; अर्ध्या मिनिटात हात लावायची सोय राहत नाही. करवतीने कडीला एका जागी उभा, आरपार काप दिला की सगळा खेळ खलास: व्होल्टेज तेवढाच, पण फिरायला वाट नाही, आणि कडी ढिम्म. प्रदर्शनात आम्ही ही कापलेली कडीही शेजारी ठेवणार होतो.

अजून एक बारकावा: ढकलणं वरच का? क्षेत्र सरळ उभं वर गेलं असतं तर कडी नुसती आत-बाहेर दाबली गेली असती. पण गाभ्यातून वर जाणारं क्षेत्र वाटेत कडेकडेने बाहेर फाकत जातं, कारंज्यासारखं. हा फाकलेला, आडवा भाग कडीतल्या प्रवाहावर उभा जोर लावतो. गाभा कॉइलच्या वर बाहेर काढायचा तो याचसाठी. आणि जसजसं वर जाल तसं क्षेत्र विरळ होतं, म्हणून एका उंचीवर जोर आणि वजन जुळतात. कडी तिथे तरंगते.

मला सगळ्यात जास्त गंमत मात्र प्रश्नातल्या ‘हलकी’ या शब्दाची वाटली. हलकी म्हणून उडते, हे ऐकायला इतकं सरळ, की त्यावर कुणी शंका घेत नाही. मी घेतली नव्हती. पोरीने टॉनिकच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं टोपण आणलं, त्याचा माथा कापला आणि पातळ कडी बनवली. जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. “आजोबा, ही तर छताला लागेल.” ६० व्होल्ट दिले. ती कडी बोटभर उचलली गेली आणि लटपटत राहिली.

कारण पुन्हा तेच. कडी पंधरा पट पातळ केली की तिचा रोध पंधरा पट वाढतो. प्रवाह तितका घटतो, हे एक. पण रोध वाढला की रेंगाळणंही जवळजवळ संपतं, ३० अंशांचे दोनेक अंश उरतात. मग ढकल आणि ओढ पुन्हा जवळपास बरोबरीला येतात. वजन पंधरा पट घटलं खरं, पण ढकलण्याचा जोर त्याहून कितीतरी जास्त घटला. वजनाच्या मानाने पाहिलं तर जोर दहाएक पट कमी पडतो. उलट कडी फारच जाड केली, तर उशीर वाढतो, पण जोर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि वजन मात्र वाढतच जातं. हिशेब केला की कळतं, रेंगाळणं ४५ अंशांचं असेल तेव्हा वजनाच्या मानाने जोर सर्वांत जास्त मिळतो. म्हणजे त्या वेळी कडीचा रोध आणि स्वयंप्रवर्तनाची अडवणूक बरोबरीने असतात. माझी ३ मिलिमीटरची कडीही थोडी पातळच होती!

तांब्याचंही असंच. तांबं वीज जास्त चांगली वाहून नेतं, म्हणून त्याच आकाराच्या तांब्याच्या कडीवर जोर जवळजवळ दुप्पट येतो. पण तांबं ॲल्युमिनियमच्या सव्वातीन पट जड. शेवटी ते हरतं.

उशिराचं कारण खरं की खोटं, हे पडताळायचा घरगुती उपाय पोरीनेच काढला, नकळत. तापलेली कडी गार करायला तिने फ्रीजरमध्ये ठेवली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी ती कडी आदल्या दिवशीपेक्षा स्पष्ट उंच गेली. धातू थंड झाला की रोध घटतो. उणे १८ अंशांना ॲल्युमिनियमचा रोध खोलीच्या मानाने सतराअठरा टक्के कमी होतो. त्यामुळे प्रवाह वाढतो आणि उशीरही वाढतो, दोन्ही मिळून जोर तीसेक टक्क्यांनी वाढतो. चुलीवर तापवलेल्या कडीचं याच्या उलट. द्रवरूप नायट्रोजन असलेल्या प्रयोगशाळांत कडी उणे १९६ अंशांपर्यंत नेतात. शुद्ध ॲल्युमिनियमचा रोध तिथे दहापटीहून जास्त कमी होतो आणि माझ्यासारख्या कडीवरचा जोर जवळपास चौपट होतो. त्या कड्या थेट छताला आपटतात. चौपटीच्या पुढे मात्र कितीही थंड केलं तरी फार काही मिळत नाही, कारण तोवर ओढ संपतच आलेली असते.

हाताने बटण दाबलं की उडी दर वेळी सारखी येत नाही, हेही आमच्या वहीत आहे. बटण झोक्याच्या कुठल्या क्षणी लागलं यावर पहिला झटका ठरतो, आणि तो क्षण आपल्या बोटाच्या हातात नसतो. पोरीने दहा उड्यांची सरासरी काढली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिने तरंगत्या कडीच्या वर, गाभ्यात, दुसरी तशीच कडी सोडली. मला वाटलं, दोघी एकमेकींना लोटतील. खालची कडी वर उचलली गेली आणि टक्‌कन वरचीला चिकटली. दोघी जोडीने तरंगू लागल्या. मी कागद ओढला. दोन्हींतले प्रवाह एकाच दिशेचे, एकाच वेळी वळणारे, आणि एकाच दिशेचे प्रवाह एकमेकांना ओढतात. “दोघींना सारखाच उशीर झालाय,” ती म्हणाली, आणि माझ्याआधी वहीत लिहून मोकळी झाली.